घरात देवाचं आहे

पुष्पाबाईंना नाही म्हणता येत नव्हतं, हे वाटूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ज्या नव्या सुनेला माहीत नसेल, तिला पहिल्याच उन्हाळ्यात तिची सासू सांगायची, "परात पाह्यजे ना? पुष्पाबाईकडं जा." त्यांचा सोऱ्या एकदा घराबाहेर पडला की गल्ली फिरून पोळ्याच्या सुमाराला परत यायचा. बाजा, घोडी, मोठं पातेलं, ज्वारी चाळायची चाळण, सगळं लोकांकडं. एकदा तर घरी पाहुणे आलेले आणि पुष्पाबाई स्वतःचीच कढई मागायला तीन दारं हिंडल्या होत्या, तेही ओशाळल्या तोंडानं, जणू दुसऱ्याचीच वस्तू मागतायत.

तरी अगदीच अशी वेळ यायची की द्यायचं नसतं. त्यासाठी गल्लीनं एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. "आमच्याकडं घरात देवाचं आहे." बस. कोणता देव, काय आहे, कधी आहे, हे कुणी विचारत नसे. सत्यनारायण असेल, कुलदेवीचं जेवण असेल, नाहीतर काहीच नसेल. ऐकणारी बाई समजून जायची, "बरं बाई, मंग राहू दे" म्हणायची आणि पुढचं दार वाजवायची. ना कुणाला राग, ना कुणाला लाज. पुष्पाबाईंनी हे वाक्य उभ्या जन्मात दोन-चारदाच वापरलं असेल. पण वापरलं तेव्हा ते बरोबर चाललं होतं, आणि म्हणूनच घोटाळा झाला.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी. नवरा भागवत मिस्त्री, म्हणजे गवंडी. वाटूर फाट्यावरची निम्मी दुकानं आणि गावातली कितीतरी घरं त्याच्या हातची. लग्न झालं तेव्हा पुष्पाबाई त्याच्याबरोबर कामावर जायच्या, डोक्यावर माल वाहायच्या. पुढं शीतल झाली, मिस्त्रीचं नाव झालं, हाताखाली माणसं आली, तशा त्या घरी बसल्या आणि उन्हाळ्यात शेवया-कुरडयांच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. शीतलला घनसावंगीला देऊन झालं. आता घरात दोघंच, आणि डोक्यावर एवढी मोठी गच्ची. गल्लीतली सगळ्यात मोठी. तिन्ही बाजूंनी कठडा, एका अंगानं जिना, वाळवणाला नंबर एक.

आणि ही गच्ची कच्ची होती.

हे दोनच माणसांना माहीत होतं. मिस्त्रीनं घर बांधायला काढलं ते नेमकं दुष्काळाच्या वर्षी. सिमेंट आणून पडलेलं, गोण्यांचे दगड व्हायच्या आत वापरणं भाग होतं. स्लॅब तर पडला. पण स्लॅब टाकून भागत नाही. त्यावर मातीची आळी बांधून निदान दोन-तीन आठवडे पाणी साठवून ठेवावं लागतं, तेव्हा तो आतून पिकतो. लोकांच्या बांधकामावर भागवत मिस्त्री घसा फोडून ओरडायचा, "पाणी मारा हो, पाणी मारा, लेकरावानी जपा त्याला." आणि त्या वर्षी गावात टँकर आला की घागरीवरून बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. तिथं स्लॅबला पाणी कुठून आणायचं? ओली गोणपाटं टाकली, तीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुकून खडखडीत झाली. मिस्त्रीला तेव्हाच कळलं होतं. चार-पाच वर्षांनी खोलीच्या छताला फुगे आले, मग खपल्या निघाल्या, मग एके ठिकाणी गंजलेली सळई दिसायला लागली. मिस्त्रीनं पुट्टी भरली, रंग मारला. पुन्हा फुगलं, पुन्हा पुट्टी. दरवर्षी दिवाळीत बाकीचे लोक भिंती रंगवतात, मिस्त्री छत रंगवायचा.

"कुणाजवळ बोलायचं न्हाई," त्यानं बजावून ठेवलं होतं. "मिस्त्रीचीच गच्ची कच्ची म्हणल्यावर कोण दारात उभं करील मला?"

पुष्पाबाई बोलल्या नाहीत. सकाळी उठल्यावर पांघरुणावर पडलेली वाळू झटकायची, ही त्यांच्या केर काढण्यातलीच एक गोष्ट होऊन गेली.

शेजारी शकीला. भिंतीला भिंत. तिचा नवरा निजामोद्दीन, त्याचं फाट्यावर टायरचं दुकान. दोघी एकाच वर्षी या गल्लीत लग्न होऊन आल्या होत्या, दोघींच्या सासवा सारख्याच कजाग, आणि भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघींनी आपापल्या सासूच्या नावानं जे काही बोलून घेतलं होतं, ते लिहून काढलं तर पोथी होईल. एकमेकींना अगं-तुगं. शीतलचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा निजामोद्दीनच्या गाडीतून शकीला पुष्पाबाईंबरोबर जालन्याला गेली होती आणि दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली होती. मुझफ्फर आणि महजबीन ही तिची दोन लेकरं कुरडयांचा चीक खाऊनच मोठी झाली म्हणायची.

त्या महजबीनची मंगनी ठरली. ईद झाल्यावरच्या एका दुपारी शकीला हसत हसत आली ती सरळ स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर बसली.

"पोरगा अंबडचा है. माणसं चांगली हैत, पण बाया लई येनार त्यांच्या," ती म्हणाली. "मर्द लोकांचं बसनं-जेवनं कौसल्याबाईच्या मोकळ्या जागेत. हाव म्हणल्या त्या. बायांना मी तुझ्या गच्चीवर बसवते. पडदा बी होतो, हवा बी लागती. आमच्या घरावर तर पत्रेच हैत, तिथं काय बसवू, टाळकं तापवू का त्यांचं? काय म्हणती तू?"

पुष्पाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांच्या डोळ्यांपुढं एकदम ती सळई आली.

"ह्यांना इचारून सांगते," त्या म्हणाल्या.

आता या गल्लीत 'ह्यांना विचारून सांगते' म्हणजे होच असतं, फक्त नवऱ्याचा मान ठेवायचा म्हणून एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. शकीला खुशीत उठून गेली.

मिस्त्रीनं जेवता जेवता ऐकलं आणि घास तसाच ठेवला. "तुझं डोकं फिरलं का? वाळवणाला दोघी जणी चढनं वेगळं अन् शे-दीडशे बाया वेगळ्या. अन् त्या पसरून बसत न्हाईत, सगळ्या नवरीपाशी गोळा होतात. लेकरं उड्या मारतात. ढोलक वाजली की कुनी ना कुनी नाचतंच. सगळा भार एका कोपऱ्यात. न्हाई म्हणून सांग. उद्याच सांग, लांबवू नको."

"अन् कारन?"

"काही बी सांग. स्लॅबचं नाव काढायचं न्हाई."

"शकीला परकी है का? तिला खरं सांगितलं तर काय होतंय?"

"तिला सांगशील, ती निजामला सांगंल, निजामच्या दुकानावर दहा गावची माणसं टायर बदलून राह्यली. झालं मंग माझं."

दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. पुष्पाबाईंनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मागच्या दारानं किराण्याला गेल्या. चौथ्या दिवशी शकीलानं भिंतीवरून हाक मारली तर 'दूध उतू चाललंय' म्हणून आत पळाल्या, चुलीवर दूध नसताना. नकार ताजा असतो तेव्हा हलका असतो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रोज सकाळी त्या उद्यावर ढकलत होत्या आणि रोज तो नकार जड होत चालला होता. तिकडं शकीला निर्धास्त. तिनं आचाऱ्याला सांगितलं, अंबडला निरोप दिला, बहिणींना फोन केले, सगळ्यांना हेच की बायांचं पुष्पाच्या गच्चीवर.

आणि एका सकाळी पुष्पाबाई केर काढत असताना वर कुणाची तरी पावलं वाजली. त्या झाडू हातात घेऊन जिन्यानं धावत वर गेल्या. गच्चीवर शकीला, आणि तिच्याबरोबर मंडपवाला, हातात फीत घेऊन मापं काढत होता.

"या भाभी," तो म्हणाला, जणू घर त्याचंच. "इथं नवरीची खुर्ची, मागं पडदा. इकडून पंगत. झकास होतंय बघा." आणि त्यानं टाच उचलून गच्चीवर दाणकन आपटली. एकदा नाही, दोनदा. "काय मजबूत काम है! अस्सल मिस्त्रीचं घर है राव."

त्याच्या टाचेखाली बरोबर पुष्पाबाईंची झोपायची खोली होती.

"शकीला," त्या कशाबशा म्हणाल्या, "ते... पान्याचं लई अवघड होईल गं. आठ-आठ दिवस नळ येत न्हाई. एवढ्या बायांना पानी..."

"टँकर सांगितला ना मी! तुझ्या टाकीला हात न्हाई लावायचा कुनी."

"लाईटचं बी है. आमच्या मीटरवर भार पडला की फ्यूज जातो."

"जनरेटर है भाभी माझा," मंडपवाला म्हणाला. "तुमचं बटन बी दाबायचं काम न्हाई."

"जिना अरुंद है. म्हाताऱ्या बाया चढतील का?"

"मुझफ्फर बांबू बांधून देतो, धरायला," शकीला म्हणाली. "अन् म्हाताऱ्या खाली बसतील माझ्याकडं. तू कायकू फिकीर करती? तुला नुसतं नवी साडी नेसून यायचंय."

किती निष्ठेनं ती एकेक अडचण उचलून बाजूला ठेवत होती! मैत्रिणीला खरंच काळजी वाटतेय असंच तिला वाटत होतं. पुष्पाबाई एक कारण काढायच्या, ती त्याचा बंदोबस्त सांगायची. खोट्या कारणांची हीच खोड असते, प्रत्येकावर इलाज निघतो. ज्यावर इलाज नव्हता ते कारण पायाखाली होतं आणि त्याचं नाव काढायचं नव्हतं. मंडपवाल्यानं फीत गुंडाळून खिशात घातली आणि "मंग बांबू कव्हा उतरवू?" असं विचारलं.

आणि पुष्पाबाईंच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. विचार केला नाही, शोधलं नाही, गल्लीतल्या कुठल्याही बाईच्या तोंडून निघावं तसं निघालं.

"न्हाई जमायचं शकीला. घरात देवाचं आहे."

शकीलानं ओढणी सारखी केली. मंडपवाला उगाच कठड्यापलीकडं बघायला लागला.

"हां," ती म्हणाली. "देवाचं है. बरं पुष्पाबाई. तुम्हाला तकलीफ दिली."

आणि ती खाली उतरून गेली. मंडपवाला तिच्या मागं.

पुष्पाबाईंना आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं! हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. झालं एकदाचं. फक्त ते 'पुष्पाबाई' आणि 'तुम्हाला' कानाला टोचलं. मंडपवाल्यासमोर म्हणाली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि केर काढायला खाली गेल्या.

दोन दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कौसल्याबाई आल्या. पलीकडच्या घरच्या, त्यांचीच ती मोकळी जागा. हातात झाकलेली वाटी, वाटीत पुरण. काही सण नाही, वार नाही. पुष्पाबाईंनी वाटी हातात घेतली, पण त्यांना नवल वाटलं, कारण कौसल्याबाईंच्या घरी वाटी जायची सवय होती, तिकडून यायची नव्हती.

"बरं केलं बाई तुम्ही," कौसल्याबाई आवाज बारीक करून म्हणाल्या. "आमच्या तोंडातून न्हाई निघत असं. तुम्ही तोंडावर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"हेच की, आमच्या घरात देव हैत, तुमचं आमच्या घरावर चालायचं न्हाई म्हणून."

पुष्पाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हातातली वाटी कधी कलली आणि पुरण ओट्यावर सांडलं, त्यांना कळलं नाही.

"मी... असं कव्हा म्हणले?"

"तसंच ना! मंडपवाल्यानं सांगितलं की फाट्यावर. अख्ख्या गावात झालंय. आमचा अंगद तर म्हणे, काकूला मानलं पाह्यजे."

तेवढ्यात त्यांचा लेक अंगद स्वतःच मोटारसायकल लावून दारात आला. पंचविशीचा दांडगा पोरगा, कधी मान वर करून बोलायचा नाही. त्यानं आज दोन्ही हात जोडले. "काकू, बराबर जागा दाखवली तुम्ही त्यांना," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू होतं.

जागा मागितली होती. जागा दाखवली, असं झालं.

पुष्पाबाई मटकन ओट्यावर बसल्या. जन्मभर गल्लीत सगळ्या एकमेकींना सांगत आल्या ते वाक्य. कौसल्याबाईंनाही एकदा हेच सांगितलं होतं, बाज द्यायची नव्हती तेव्हा. कौसल्याबाई 'बरं बाई' म्हणून गेल्या होत्या आणि संध्याकाळी परत गप्पा मारायला आल्या होत्या. तेच वाक्य, तोच आवाज. पण शकीलाच्या कानात ते काय होऊन गेलं, हे आत्ता, या क्षणाला त्यांना कळत होतं. आपल्या घरात देव आहे, म्हणून तू नको. हेच ऐकलं तिनं. आपल्याच तोंडून.

"कौसल्याबाई, असं न्हाई हो," त्या ओरडल्याच. "आमचा स्लॅब कच्चा है. पडंल तो. म्हणून न्हाई म्हणले मी. देवाबिवाचं काही न्हाई आमच्याकडं!"

नवऱ्याला दिलेला शब्द एका दमात मोडला होता, पण त्याचं त्या वेळी भान नव्हतं. कौसल्याबाई गोंधळल्या. अंगदकडं बघितलं, मग पुष्पाबाईंकडं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "पर आम्ही तर काल जागा देत न्हाई म्हणून सांगून आलो ना निजामभाईला. तुम्ही जे सांगितलं तेच सांगितलं. आमच्याकडं बी देवाचं है म्हणलं. मंग आता आम्ही काय कारन सांगावं?"

असा प्रश्न माणसाला पडू शकतो, हेच पुष्पाबाईंना नवीन होतं. म्हणजे मर्दांची जागाही गेली. आठवड्यावर आलेली मंगनी, आणि पोरीच्या बापाला आपल्या जन्माच्या गल्लीत दोन खुर्च्या टाकायला जागा नाही. आणि हे सगळं कुणाच्या नावावर? पुष्पाबाईंच्या.

त्या तशाच उठल्या. पायात चप्पल नाही, हाताला पुरण लागलेलं. शकीलाच्या दारात गेल्या.

दार महजबीननं उघडलं. एरवी 'काकू' म्हणून गळ्यात पडणारी पोर, बाजूला सरून उभी राहिली, तेही अदबीनं, पाहुण्यांना वाट द्यावी तसं. आत निजामोद्दीन फोनवर होता. परतूरच्या मंगल कार्यालयाला विचारत होता. पलीकडून लग्नसराईची तिथी आहे, काही मोकळं नाही, असं सांगत असावेत, कारण तो नुसता "जी, जी" म्हणत होता. पुष्पाबाईंना बघून तो उठला आणि फोन कानाला लावून मागच्या दारानं निघून गेला.

"बसा पुष्पाबाई," शकीला म्हणाली.

"शकीला, मला तुम्ही म्हणू नको. माझं ऐक. आमचा स्लॅब कच्चा है. त्या दुष्काळात टाकला ना, पानी न्हाई मिळालं त्याला. सळया गंजल्यात. तुझ्या बाया चढल्या अन् काही झालं तर? म्हणून मी..."

शकीलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक बोट मिटत मोजायला लागली.

"आधी पानी. मंग लाईट. मंग जिना. मंग देव. आता स्लॅब." पाचही बोटं मिटली होती. "उद्या काय सांगताल?"

"आईची आन शकीला, खरं सांगून राह्यले."

"कव्हापासून कच्चा है?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून. माझी लेकरं त्याच गच्चीवर चीक खाऊन मोठी झाली, तव्हा न्हाई सांगितलं. एवढ्या कुरडया वाळल्या, तव्हा न्हाई पडला. बराबर माझ्या पोरीच्या मंगनीला कच्चा झाला?" तिचा आवाज आता चिरला. "नको म्हणायचं होतं तर नुसतं नको म्हणायचं, पुष्पा. मी काय भांडले असते का तुझ्याशी? देवाला कायकू मध्ये घातलं? पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. विचारती, अम्मी, काकूच्या घरात देव पहिले नव्हता का?"

पुष्पाबाईंना रडू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. इतकं सरळ खरं सांगितल्यावर समोरची बाई विश्वास ठेवत नाही, आणि तिची काहीच चूक नाही, हे त्यांना सहनच होईना. त्यांनी शकीलाचं मनगट धरलं. पुरणाच्या हातानंच धरलं. आणि ओढत तिला बाहेर काढलं, गल्लीतून, कौसल्याबाई आणि अंगद उभे होते त्यांच्या समोरून, आपल्या घरात, आपल्या झोपायच्या खोलीत.

कोपऱ्यात जळमटं काढायचा लांब दांडीचा झाडू होता. पुष्पाबाईंनी तो उलटा धरला आणि दांडी छतावर मारली. पहिल्यांदा नुसता रंग निघाला. दुसऱ्यांदा जिथं मिस्त्रीनं दिवाळीला पुट्टी भरली होती तिथं बसली, आणि ताटाएवढी खपली निघून धाडकन पलंगावर पडली. बरोबर उशीवर. खोलीभर धुराळा झाला. धुराळा बसला तेव्हा वर लालबुंद गंजलेल्या सळया दिसत होत्या, एक तर पार सुटून खाली वाकलेली.

"बघ," पुष्पाबाई धापा टाकत म्हणाल्या. "बघ आता. हे खोटं है का?"

शकीलानं वर बघितलं. मग उशीवरच्या त्या तुकड्याकडं बघितलं. पलंगाकडं. पुन्हा वर. पुष्पाबाई वाट बघत होत्या की ती आता म्हणेल, माफ कर, किंवा म्हणेल, आधी का नाही सांगितलं.

"और तू इसके नीचे सोती?" शकीला किंचाळली.

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मिस्त्रीनं नाही. शीतल माहेरी येऊन राहायची, तिलाही कधी सांगितलं नव्हतं. आणि पुष्पाबाईंनी स्वतः तरी कधी विचारलं होतं? गल्ली काय म्हणेल, गिऱ्हाईक काय म्हणेल, शकीलाच्या पाहुण्यांचं काय होईल, सगळ्यांचा विचार करून झाला होता. त्या छताखाली रोज रात्री एक बाई झोपते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बाई म्हणजे आपण, हा धक्का त्यांना आता बसला.

दारात भागवत मिस्त्री उभा होता. कामावरून आलेला, कपड्यांना सिमेंट; देवाचं नाव सांगून दोन्ही जागा नाकारल्याचं फाट्यावरचं बोलणं त्याच्याही कानावर आलेलं. छताला पडलेलं भगदाड त्याला दिसलं आणि शकीलाही दिसली.

"भैया!" शकीला त्याच्यावर तुटून पडली. "दुनियेच्या स्लॅबवर पानी मारा पानी मारा म्हणून वरडता, अन् हिला इथं झोपवता? डोक्यात पडलं असतं तर? काय पुट्टी भरली असती का मंग हिच्या डोक्यात?"

मिस्त्रीनं पलंगावरचा तो तुकडा उचलला आणि अंगठ्यानं दाबला. तो बिस्किटासारखा भुगा होऊन खाली पडला. मग मिस्त्री वळला आणि बाहेर गेला.

गल्लीतून त्याचा आवाज आला, बांधकामावर माणसांना हाक मारायचा तोच मोठा आवाज. "कौसल्यावहिनी! माझा स्लॅब कच्चा है. मी पानी मारलं न्हवतं. म्हणून गच्ची दिली न्हाई, दुसरं काही कारन न्हाई. आमच्याकडं देवाचं काही न्हाई. तुमच्याकडं काय है ते तुम्ही सांगा!"

कौसल्याबाईंचा बारीक आवाज ऐकू आला, "आमच्याकडं तरी काय है भाऊजी. घ्या की जागा. आम्ही कुठं न्हाई म्हणलो?" अंगदची मोटारसायकल चालू झाली आणि निघून गेली.

आत पुष्पाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. आता शकीला काय म्हणते ते ऐकायचं होतं, आणि ऐकायची भीतीही वाटत होती. शकीलानं उशीवरची वाळू झटकली, पलंगावरची गादी गोळा केली, पांघरूण त्यात घातलं आणि सगळी वळकटी काखेत मारली.

"हे काय करून राह्यली तू?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"स्लॅब तोडून नवा होईपर्यंत तू अन् भैया माझ्याकडं झोपनार," शकीला म्हणाली. "पत्रे हैत. तापतात. पर डोक्यावर पडत न्हाईत. चल, जल्दी."

जिला गच्ची नाकारली होती त्याच बाईच्या मागोमाग पुष्पाबाई तिच्या घरात गेल्या. महजबीननं कोपऱ्यातली पेटी सरकवून त्यांच्या गादीला जागा करून दिली.